होमपेज झकास दिसतं, तरी गिऱ्हाईक आधी भावच विचारतं: दोष कुठे शोधायचा

जानेवारी उजाडला, कोकणात मोहोर दिसायला लागला, की माझा फोन वाजायला लागतो. आंबा विकणारे, काजूगर विकणारे, मसाले करणारे असे छोटे व्यावसायिक. तक्रार दरवर्षी तीच असते: "साइट नवीन केली, फोटो चांगल्या माणसाकडून काढून घेतले, पण चौकशी येते ती 'डझनाचा भाव काय?' एवढीच. भाव सांगितला की माणूस गायब." मी अशा लोकांच्या होमपेजचा मजकूर दुरुस्त करते. बरीच पानं दुरुस्त केल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे. दहातल्या आठ वेळा दोष फोटोत किंवा रंगात नसतो. पानावर जे लिहिलंय तेच शेजारच्या पाच जणांच्या पानावर लिहिलेलं असतं, आणि मग गिऱ्हाइकाला तुलना करायला भावाशिवाय दुसरं काही उरतच नाही.

खाली जो क्रम दिलाय तो मी स्वतः वापरते. आधी फुकट आणि पाच मिनिटांच्या तपासण्या, मग वेळखाऊ, शेवटी पैसे लागणाऱ्या. उदाहरण म्हणून राजापूर तालुक्यातल्या एका हापूस बागायतदारांचं पान घेतलंय. त्यांचं नाव देत नाही. त्यांना मी काका म्हणते, तेव्हा इथेही काकाच.

लक्षणं

हा दोष असेल तर सहसा यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसतात. नव्या नंबरावरून आलेला पहिला मेसेज बहुतेक वेळा भावाचा असतो. पानावर पाच वेळा "अस्सल" लिहिलेलं असूनही लोक फोन करून विचारतात, "पण खरा हापूसच आहे ना हो?" ओळखीतून आलेलं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकतं, पण जाहिरातीवरून आलेलं टिकत नाही. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे, जुन्या गिऱ्हाइकाला "तुम्ही आमच्याकडूनच का घेता?" असं विचारलं, तर तो जे कारण सांगतो ते होमपेजवर कुठेच नसतं.

साइटवर मुळात माणसंच येत नसतील, किंवा मोबाइलवर ऑर्डरचं बटण दाबलं जात नसेल, तर तो दोष वेगळा. ते आधी निस्तरा. मजकूर बदलून त्यात काडीचा फरक पडणार नाही.

पहिली तपासणी: नाव झाका (पाच मिनिटं, फुकट)

होमपेजचं सगळ्यात वरचं वाक्य वहीत उतरवा. तुमचं नाव खोडून तिथे प्रतिस्पर्ध्याचं नाव घाला. वाक्य तरीही खरं वाटतंय का? काकांच्या पानावर वर होतं:

"१००% अस्सल, नैसर्गिकरीत्या पिकवलेला हापूस. थेट आमच्या बागेतून तुमच्या दारात."

यात कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराचं नाव घातलं तरी चालतं. वाशीच्या बाजारातून पेट्या उचलून विकणाऱ्याचं नाव घातलं तरी वाचणाऱ्याला फरक कळत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. खात्री करायची असेल तर आपलंच वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा:

```
"थेट आमच्या बागेतून तुमच्या दारात"
```

अवतरणचिन्हं घातली की शब्द त्याच क्रमाने असलेली पानं समोर येतात. स्वतःचं घोषवाक्य अनोळखी माणसांच्या पानांवर वाचताना जे वाटतं ते मी सांगून कळणार नाही, एकदा करून पाहा.

दुसरी तपासणी: वाक्य उलटं करा (पाच मिनिटं, फुकट)

पानावरचा एकेक दावा उलटा करून वाचा. "उत्तम दर्जा" उलटं केलं तर "बेताचा दर्जा". असं कोणी स्वतःबद्दल लिहील का? नाही ना? मग मूळ दाव्यालाही अर्थ नाही, कारण त्यात तुम्ही काही निवडलेलंच नाही.

याउलट "आमची एकच बाग आहे, दुसऱ्यांचा माल घेत नाही" हे उलटं करून पाहा: "आम्ही वीस बागांमधून निवडून माल घेतो." हेही कोणी अभिमानाने लिहू शकेल. म्हणजे पहिल्या वाक्यात खरोखर एक बाजू घेतलेली आहे. काकांच्या पानावर नऊ दावे होते. या चाळणीतून दोन उरले.

तिसरी तपासणी: कायद्याने करायलाच लागतं ते वेगळं काढा (अर्धा तास)

ही तपासणी लोक विसरतात आणि नेमका त्यांचा सगळ्यात लाडका दावा इथे गळतो.

"कार्बाइडमुक्त" घ्या. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्या देशात बंदीच आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत ते स्पष्ट लिहिलंय. इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो, कार्बाइड अजिबात चालत नाही. तेव्हा "आम्ही कार्बाइड वापरत नाही" म्हणणं म्हणजे "आम्ही वजनात काटा मारत नाही" असं पाटीवर लिहिण्यासारखं आहे. गिऱ्हाइकाला ही भीती खरीच असते, म्हणून ते पानावर खाली कुठेतरी जरूर असू द्या. पण तो तुमचा वेगळेपणा होऊ शकत नाही.

"नैसर्गिक" आणि "अस्सल" यांचंही तसंच. खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत नैसर्गिक, शुद्ध, अस्सल असले शब्द कधी वापरावेत यावर २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांत अटी आहेत. "१००%" बद्दल तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये खाद्यव्यवसायांना सरळ सांगितलं, की लेबलवर, पॅकिंगवर आणि जाहिरातीत हा शब्द वापरू नका. काकांचं वाक्य सुरूच त्या शब्दाने होत होतं.

मग जीआयचं काय? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आहेत. नोंदणीकृत वापरकर्ता असाल तर तो क्रमांक पानावर टाकायलाच हवा, कारण तो तपासता येतो आणि बाहेरून आलेल्या, हापूस म्हणून खपवल्या जाणाऱ्या आंब्यापासून तुम्हाला वेगळं काढतो. पण शेजारच्या बागेपासून नाही काढत. तुमच्यासारखीच नोंदणी त्याचीही असू शकते. म्हणून क्रमांक पुराव्याच्या जागी ठेवा, मथळ्यात नको.

काकांचा एक दावा अजून जिवंत होता: एकच बाग. तो खरा होता, पण त्याने गिऱ्हाइकाचं काय भलं होतं हे सांगता येईना. म्हणून पुढे गेलो.

चौथी तपासणी: शेजारी ठेवून पाहा (दोन-तीन तास)

इथे पहिली चूक होते ती प्रतिस्पर्धी निवडण्यात. मालकाच्या डोक्यात जो प्रतिस्पर्धी असतो तो सहसा त्याच्या गावचा असतो, आणि गिऱ्हाईक मात्र भलत्याशीच तुलना करत असतं. म्हणून मी अंदाज बांधत नाही. गेल्या हंगामातल्या दहा नव्या गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारायला सांगते: "आमच्याकडे मागवायच्या आधी आणखी कुठे चौकशी केली होती?"

काकांना आलेली उत्तरं अशी होती: सहा साइट्स, एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकत्र मागवला जाणारा आंबा, आणि कोपऱ्यावरचा गाडीवाला. गाडीवाल्याचं नाव ऐकून काका हसले. मला मात्र तो सगळ्यात कठीण प्रतिस्पर्धी वाटला. त्याच्याकडे आंबा हातात घेता येतो, वास घेता येतो, हवा तर कापून दाखवतो. "ताजा, रसाळ, सुगंधी" या शब्दांवर त्याच्याशी कोणती साइट जिंकणार?

साइट्स मोबाइलवरच उघडा, कारण गिऱ्हाईक तिथेच पाहतं. खासगी खिडकीत उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम होणार नाही. पहिल्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, लोक हंगामात मजकूर बदलतात. मग दावे एका कागदावर मांडा. आमचा कागद साधारण असा झाला:

| दावा | सहापैकी किती पानांवर | पानावर पुरावा |
|---|---|---|
| अस्सल देवगड किंवा रत्नागिरी | ६ | दोघांकडे जीआय नोंदणी |
| नैसर्गिक, कार्बाइडमुक्त | ६ | एकाकडे गवतात आंबे पिकत घातलेल्या अढीचा फोटो |
| थेट बागेतून | ५ | एकाकडे बागेचा पत्ता |
| पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव | ४ | आजोबांचे फोटो |
| खराब आंबा बदलून मिळेल | ३ | अटींच्या पानावर बारीक अक्षरांत |

तिसरा रकाना भरल्याशिवाय या कागदाला किंमत नाही. पहिल्या दोन रकान्यांतून कोण काय म्हणतो एवढंच कळतं, तिसऱ्यातून कोण सिद्ध करू शकतो ते कळतं. आणि शेवटच्या ओळीपाशी थांबा. तीन जण आंबा बदलून देतात असं म्हणतात, पण अटींच्या पानावर गेल्यावर एकाने लिहिलं होतं, पेटी मिळाल्यापासून २४ तासांत फोटो पाठवा. दुसऱ्याने ४८ तास दिले होते. तिसऱ्याने मुदत दिलीच नव्हती, फक्त "वाहतुकीत खराब झालेला" एवढंच म्हटलं होतं.

त्या वेळी मी ते नुसतं लिहून ठेवलं. त्याचा अर्थ पुढच्या तपासणीत लागला.

पाचवी तपासणी: आपली वही, आपले मेसेज (एक दिवस)

खरा वेगळेपणा बसून सुचत नाही, तो नोंदींत सापडतो. मी तीन ठिकाणी बघते. तक्रारींचे मेसेज, जुन्या गिऱ्हाइकांचे कौतुकाचे मेसेज, आणि मालक ज्यावर पैसा किंवा वेळ घालवतो पण ज्याचं त्याला काही विशेष वाटत नाही अशी कामं. तिसरी जागा सगळ्यात सुपीक, आणि तिथेच मालक सगळ्यात कमी मदत करतो. त्याला ते रोजचंच असतं.

काकांना विचारलं, वेगळं काय करता? म्हणाले, "चौदा आण्यालाच काढतो. झेल्याने, देठ ठेवून." चौदा आणे म्हणजे साधारण पंच्याऐंशी टक्के तयार फळ, आणि झेला म्हणजे फळ अलगद काढायची जाळीची काठी. हे खरंच महत्त्वाचं आहे. फळ त्याहून जास्त झाडावर राहिलं की साक्याची, म्हणजे गर आतून बिघडण्याची, शक्यता वाढते, आणि देठ ठेवला की चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पेटी उघडणाऱ्या बाईला ते चौदा आणे होते की पंधरा, हे कसं कळणार? दावा खरा आहे, पण गिऱ्हाइकाला तपासता येत नाही. त्याचा उपयोग आधार म्हणून होतो, मथळा म्हणून नाही.

मग मी तक्रारींचे मेसेज वाचायला घेतले. बहुतेक तक्रारी साक्याच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: साका म्हणजे आंबा वरून पिवळाधमक, वासाला छान, पण कापला की आत फिक्कट, स्पंजासारखा, आंबट पट्टा. हापूसचं हे जुनं दुखणं आहे. काही बागांत, काही हंगामांत याचं प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. आणि बाहेरून बघून तो ओळखता येत नाही.

प्रत्येक तक्रारीखाली काकांचं उत्तर एकच: "पाठवले हो. बघा." खाली यूपीआयची पावती.

"हे काय?" मी विचारलं.

"पैसे दिले त्या आंब्याचे. साका निघाला तर द्यायलाच लागतात. त्यात सांगण्यासारखं काय?"

काकूंनी आतून वही आणली. शाळेतली, चारशे पानांची. तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, पेटीवरचा नंबर, किती आंबे, किती पैसे. गेल्या हंगामात दोन डझनांच्या ३१० पेट्या गेल्या होत्या, म्हणजे ७,४४० आंबे. त्यांतल्या १८६ आंब्यांचे पैसे परत गेले होते. एक तक्रार तर पेटी पोचल्यावर अकरा दिवसांनी आलेली, तिचेही पैसे दिलेले.

आता ते २४ तास आठवा. पेटीतला आंबा पोचतो तेव्हा बहुधा अर्धकच्चा असतो. पिकायला पुढे पाच-सहा दिवस सहज लागतात, आणि साका दिसतो तो कापल्यावर. म्हणजे २४ किंवा ४८ तासांची हमी दबलेल्या, फुटलेल्या आंब्याला लागू होते. हापूसचा जो खरा धोका, तो तिच्यात बसतच नाही. सहाही पानांवर या धोक्याबद्दल चकार शब्द नव्हता. गाडीवालाही आठवड्यानंतर कापलेला आंबा परत घेत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणाकडे परत द्यायचा हाच प्रश्न. काका मात्र कितीतरी वर्षं ते करत होते, आणि पानावर आजोबांचा फोटो लावून बसले होते.

सहावी तपासणी: झेपेल का ते मोजा, आणि त्यांची पेटी मागवा (इथे पैसे लागतात)

इथे उतावीळपणा केला की नुकसान होतं. गुपचूप पाळलेला नियम होमपेजवर लिहिला की तक्रारी वाढणार, हे धरूनच चला. आत्तापर्यंत कितीतरी जणांनी साका निघाल्यावर आंबा मुकाट्याने टाकून दिला असेल. काकांच्या वहीतला आकडा साका किती निघाला हे सांगत नाही, किती जणांनी कळवलं एवढंच सांगतो.

हिशेब सोपा होता. त्यांचा सरासरी भाव डझनाला ९०० रुपये, म्हणजे आंब्याला ७५. १८६ आंब्यांचे १३,९५० रुपये. एकूण विक्री ५,५८,००० रुपये, म्हणजे खर्च अडीच टक्के. तक्रारी तिप्पट झाल्या तर सुमारे ४२,००० रुपये, साडेसात टक्के. काकू म्हणाल्या, जाहिरातीवर याहून जास्त जातात. तिप्पट झेपत नसतं, तर मी तो दावा पानावर लिहू दिला नसता.

दुसरं काम म्हणजे ज्या तिघांच्या पानावर बदलून देण्याची भाषा होती त्यांच्यापैकी दोघांकडून एकेक डझन मागवणं. पानावर लिहिलेलं आणि प्रत्यक्षात होणारं यात दोन्ही बाजूंनी फरक असतो. कदाचित ते कोणी न सांगता काकांसारखंच वागत असतील, आणि मग "फक्त आम्हीच" म्हणणं खोटं ठरेल. हंगाम सुरू झाल्यावर आम्ही मागवले. एका डझनात दोन आंब्यांना साका निघाला. सहाव्या दिवशी फोटो पाठवला. सभ्य उत्तर आलं, की मुदत संपली आहे. दुसऱ्या डझनात साका निघालाच नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल आम्हाला काहीच कळलं नाही. म्हणून पानावर "फक्त आम्ही" हे शब्द कुठेही लिहिले नाहीत. आम्ही काय करतो तेवढंच लिहिलं. तुलना वाचणारा स्वतःच करतो, त्याच्या दुसऱ्या टॅबमध्ये ती २४ तासांची अट उघडीच असते.

आता वाक्य बदला

नवा मजकूर असा झाला:

"कापल्यावर साका निघाला, तर त्या आंब्याचे पैसे परत. पेटी मिळाल्यापासून १५ दिवसांपर्यंत. कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा, पुरे."

त्याखाली लहान अक्षरांत: "राजापूर तालुक्यातली आमची एकच बाग. गेल्या हंगामात ७,४४० आंबे पाठवले, १८६ आंब्यांचे पैसे परत दिले." शेजारी काकूंच्या वहीच्या एका पानाचा फोटो, नावं झाकून. मग काढणीची पद्धत, पेटीवर घातलेली काढणीची तारीख, जीआय क्रमांक. "एकच बाग" इथे अचानक कामाला आलं, कारण आता त्याचा अर्थ झाला की जबाबदारी घेणारा माणूस एकच आहे. आजोबा "आमच्याबद्दल" या पानावर गेले. काकांना त्याचं थोडं वाईट वाटलं.

१८६ या आकड्यावर वाद झाला. काका म्हणाले, "लोक म्हणतील, एवढे खराब निघतात?" त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. नुसता १८६ लिहिला असता तर तसंच झालं असतं, म्हणून ७,४४० शेजारी हवा. पण त्यातून "आमच्याकडे साका फक्त अडीच टक्के" असं वाक्य करायचं नाही. तो आकडा आपल्याकडे नाहीच. "परत दिले" एवढंच वहीतून सिद्ध होतं, तेवढंच लिहायचं. पुराव्यापेक्षा एक पाऊल पुढचं वाक्य लिहिण्याचा मोह मला अजूनही होतो, आणि होमपेज पुन्हा बिघडतं ते तिथूनच.

अटींचं पानही त्याच दिवशी बदला. वर "फोटो पाठवा, पुरे" आणि खाली बारीक अक्षरांत पाच अटी, असं चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. खालच्या टिपेने वरच्या मुख्य दाव्याला छेद देऊ नये, असं त्यांत म्हटलंय. फसवणुकीची धास्ती असेल तर पेटीचा नंबर मागा. एकच फोटो दोनदा पाठवणारा वर्षातून एखादा निघतो, आणि वहीत तो सापडतो.

सातवी तपासणी: बदल लागू पडला का

मोबाइलवर पहिला पडदा पाच अनोळखी माणसांना दहा सेकंद दाखवा, मग फोन काढून घ्या आणि विचारा, "हे इतरांपेक्षा वेगळं काय करतात?" नातेवाईक नकोत, ते कौतुक करतात. जुन्या पानावर पाचही जणांनी "आंबे विकतात, चांगले दिसतायत" अशा अर्थाचं सांगितलं. नव्या पानावर चौघांनी साक्याचे पैसे परत हे सांगितलं. पाचवीने विचारलं, "साका म्हणजे?" ती मुंबईत वाढलेली. मग मथळ्याखाली एक ओळ आणि साका निघालेल्या आंब्याचा फोटो घातला. खराब आंब्याचा फोटो होमपेजवर लावायला काकांनी दोन दिवस घेतले.

हंगामात मोजायचं ते लाइक नव्हे, नव्या नंबरांवरचा पहिला मेसेज. आधीच्या एप्रिलमधल्या पन्नास पहिल्या मेसेजपैकी अडतीस भावाचे होते. नव्या पानानंतरच्या पन्नासांत एकोणतीस भावाचे, आणि अकरा जणांनी साक्याबद्दल विचारलं. त्या अकरांपैकी आठांनी पेटी मागवली. दोन हंगामांचे भाव आणि पीक वेगळं असतं, त्यामुळे सगळं श्रेय मजकुराला देऊ नका. पण प्रश्न बदलला, आणि बदल लागू पडल्याची खूण मी तीच धरते. तक्रारी दुपटीच्या थोड्या पुढे गेल्या, तिपटीच्या आत राहिल्या.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पाचव्या तपासणीत काहीच सापडलं नाही, तर लिहिणं थांबवा. वही चाळली, मेसेज वाचले, तरी शेजाऱ्यापेक्षा वेगळं काही करतच नाही असं दिसलं, तर तो दोष मजकुराचा नाही आणि माझ्यासारखीला पैसे देऊन तो जाणारही नाही. आधी धंद्यात एक गोष्ट बदला, एक हंगाम पाळा, नोंद ठेवा, मग पानाकडे या.

"सेंद्रिय" लिहायचं असेल तर स्वतःच्या हिमतीवर लिहू नका. त्यासाठी एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी योजनेचं प्रमाणपत्र लागतं. थेट विकणाऱ्या लहान उत्पादकांना सूट आहे, पण ती तुम्हाला लागू होते का हे अन्नसुरक्षा सल्लागाराकडून तपासून घ्या. "मधुमेहींना चालेल", "प्रतिकारशक्ती वाढते" असं काही डोक्यात असेल तर तेही त्यालाच विचारा. रसायनांचे अंश नाहीत म्हणायचं असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल हवा, आणि तो त्या नमुन्यापुरताच असतो, पुढच्या हंगामाचा नाही.

प्रतिस्पर्ध्याचं नाव घेऊन तुलना छापायची असेल, किंवा त्याचा स्क्रीनशॉट पानावर लावायचा असेल, तर आधी वकील. तुमचं म्हणणं खरं असलं तरी. जीआयचं बोधचिन्ह वापरायचंय पण नोंदणी नाही, तर आधी नोंदणी करा. अर्ज चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे जातो आणि बागायतदारांचे संघ त्यात मदत करतात.

आणि आकडा दरवर्षी बदला. काका मे संपला की काकूंची वही घेऊन बसतात आणि मला दोन संख्या पाठवतात, किती आंबे गेले आणि कितींचे पैसे परत दिले. यंदा दुसरी संख्या मोठी आहे, अवकाळी पावसाने घोटाळा केला. तीही तशीच लावली आहे.